नाटकाच्या तालमी आणि प्रयोगांसाठी शाळेकडे रजेचा अर्ज: मसुदा बघता का?

मुक्ता_कोथरूड | ६ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. माझी लेक १२ वर्षांची, सातवीत आहे. पुण्यातली अनुदानित मराठी शाळा, सकाळची, ७.२० ते १२.५०. शनिवारी १०.३० ला सुटते. सुट्टीत नाट्यशिबिर केलं, तिथून एका व्यावसायिक नाटकासाठी तिची निवड झाली. भूमिका छोटी नाही, पहिल्या अंकात तीन प्रवेश आणि दुसऱ्यात शेवटचा. १८ नोव्हेंबरपासून तालमी, १४ डिसेंबरला शुभारंभ, पुढे जानेवारीअखेरपर्यंत शनिवार-रविवारचे प्रयोग.

दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी शाळेत अर्ज द्यायचाय. मी असा लिहिलाय:

> प्रति, मा. मुख्याध्यापिका
> विषय: पाल्यास नाटकासाठी सवलत मिळणेबाबत
> महोदया, माझी मुलगी लहानपणापासून अतिशय कलासक्त असून तिला अभिनयाची उपजत आवड आहे. शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात तिने आपल्या शाळेचे नाव उज्ज्वल केले आहे. आता तिला व्यावसायिक रंगभूमीवर काम करण्याची सुवर्णसंधी लाभली आहे. तरी दि. १८ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी या कालावधीत तालमी व प्रयोगांसाठी आवश्यकतेनुसार शाळेतून सवलत द्यावी, ही नम्र विनंती. तिचा अभ्यास आम्ही घरी भरून काढू.

कसा वाटतो? वर्गशिक्षिका प्रेमळ आहेत, मुख्याध्यापिका कडक. आधी एका पालकांचा असाच अर्ज त्यांनी "नंतर बघू" म्हणून ठेवून दिला होता, तो आजतागायत टेबलावर आहे म्हणे.

---

अभि_ठाणे | ६ नोव्हेंबर, १०.४०

अभिनंदन! काळजी नको. ७५ टक्के हजेरी भरली की शाळा काही करू शकत नाही. २२० दिवसांचे ७५ टक्के म्हणजे १६५. तुमच्याकडे ५५ दिवस शिल्लक आहेत. अर्जात तेवढं लिहा, विषय संपला.

---

गप्पिष्ट | ६ नोव्हेंबर, ११.०५

एवढा अर्ज कशाला? डॉक्टरांचं सर्टिफिकेट लावा. माझ्या मावसभावाने क्रिकेटसाठी दोन वर्षं तेच केलं. टायफॉइड, कावीळ, सगळं झालं त्याला कागदावर. 😄

---

विंगेतला | ७ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

गप्पिष्ट, क्रिकेटच्या नेटमध्ये कोणी बघत नाही. नाटकाची जाहिरात शनिवारी पेपरात येते, मुलीच्या फोटोसकट. कावीळ झालेली मुलगी साडेपाचच्या प्रयोगाला बालगंधर्वला, हे वर्गातल्या निम्म्या पालकांच्या व्हॉट्सॲपवर त्याच दुपारी फिरेल. आणि दोन महिन्यांनी ती खरीच आजारी पडली तर काय लिहून देणार?

मुक्ताताई, मी २२ वर्षं नाटकांचं व्यवस्थापन केलं. तुमच्या पत्राची अडचण भाषा नाही. त्यात मुख्याध्यापिकांना मंजूर करता येईल असं काहीच नाही. "आवश्यकतेनुसार सवलत, अडीच महिने" यावर सही करायची म्हणजे कोरा चेक. त्यांनी ते टेबलावर ठेवलं तर मी त्यांना दोष देणार नाही.

आधी निर्मात्याकडून तारखांचा कागद मागा. तालमीचं रोजचं वेळापत्रक, नाट्यगृहातल्या तालमीचे दिवस, प्रयोगांच्या तारखा, गाव, प्रयोगाची वेळ आणि बस किती वाजता निघणार. जानेवारीपर्यंतचे बहुतेक प्रयोग लागलेले असतील, कारण नाट्यगृहांच्या तारखा आधीच घ्याव्या लागतात. तो कागद इथे टाका (नाटकाचं नाव खोडून), मग बोलू.

---

नलिनीताई | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची ८ मुख्याध्यापिका होते. दोन गोष्टी.

अभि, तुमचा ७५ टक्क्यांचा हिशोब दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठीचा. सातवीच्या मुलीला तो लागू नाही. २२० हा आकडा बरोबर, सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्यात शाळेने वर्षाला किमान तेवढे कामाचे दिवस भरवायचे आहेत. पण ते शाळेचं कर्तव्य, मुलांच्या दांड्यांचा कोटा नव्हे. "आमचे ५५ दिवस शिल्लक आहेत" असं पत्र माझ्याकडे आलं असतं तर मी पालकांना चहा पाजून परत पाठवलं असतं.

दुसरं, "घरी भरून काढू" हे वाक्य आम्ही इतक्यांदा वाचतो की नजर त्यावर थांबतच नाही. काय बुडणार आहे ते आधी वर्गशिक्षिकेला विचारा. सातवीत वर्षभर आकारिक मूल्यमापन चालू असतं. तोंडी काम, प्रकल्प, छोटी चाचणी, प्रयोगशाळेतली कृती. मुलीचा एखादा धडा बुडला तर मैत्रिणीची वही आहे. पण त्या दिवशी तोंडी परीक्षा होती तर बाईंना तिच्यासाठी ती पुन्हा घ्यावी लागते. हे बाईंच्या कामात पडतं, आणि नकार बहुधा तिथूनच येतो.

---

सुहास_डी | ७ नोव्हेंबर, १०.१५

शाळेला सांगा की ऑन ड्यूटी लावा. माझा मुलगा जिल्हास्तरीय कबड्डीला गेला तेव्हा शाळेने चार दिवस हजर लावलं होतं. कला आणि क्रीडा एकच. हा हक्क आहे, मागा.

---

नलिनीताई | ७ नोव्हेंबर, १०.५०

सुहास, तुमच्या मुलाला शाळेने पाठवलं होतं. सोबत क्रीडाशिक्षक होते, शाळेच्या नावाने प्रवेशिका होती. मूल शाळेच्याच कामावर होतं, म्हणून हजर. हीच मुलगी शाळेच्या संघातून शासनाच्या बालनाट्य स्पर्धेला गेली असती तर मीही हजर लावलं असतं. खाजगी निर्मात्याच्या तिकीट लावून होणाऱ्या नाटकाला तसं करता येत नाही.

आणि ही नुसती तत्त्वाची गोष्ट नाही. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत शालेय पोषण आहार असतो. रोजच्या हजेरीवर ताटांचा आकडा जातो. वर्गात नसलेली मुलगी हजेरीपटावर हजर दाखवायची म्हणजे तो आकडाही खोटा. तपासणीला बाईंनाच उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे मुक्ता, "हजर लावा" असं तोंडीसुद्धा सुचवू नकोस. "रजा मंजूर करावी" एवढंच माग. हजेरीपटावर ते गैरहजरच राहील, पण तुझा मंजूर अर्ज दप्तरी असेल. सातवीला तेवढं पुरतं.

---

सुहास_डी | ७ नोव्हेंबर, ११.०२

म्हणजे कबड्डी खेळणारा हजर आणि नाटक करणारी गैरहजर. छान आहे.

---

मुक्ता_कोथरूड | ८ नोव्हेंबर, दुपारी २.२०

कागद मिळाला. नाव काढून टाकते आहे.

तालमी: १८ नोव्हेंबर ते ११ डिसेंबर, सोमवार ते शनिवार संध्याकाळी ५.३० ते ९. २० नोव्हेंबरला मतदानाची सुट्टी, त्या दिवशी सकाळी १० पासून.
गुरुवार १२ डिसेंबर: नाट्यगृहात तांत्रिक तालीम, सकाळी ९ ते रात्री ९.
शुक्रवार १३: रंगीत तालीम, दुपारी २ पासून.
शनिवार १४: शुभारंभ, पुणे, संध्याकाळी ५.३०. रविवार १५: पुणे, दुपारी १२.३०.
शनिवार २१: ठाणे, रात्री ८.३०, बस दुपारी १२ वाजता. रविवार २२: ठाणे, दुपारी १२ आणि ४.३०, दोन प्रयोग.
शनिवार २८ आणि रविवार २९: नाशिक, दोन्ही दिवस संध्याकाळी. बस शनिवारी सकाळी ८ ला.
११ आणि १२ जानेवारी: कोल्हापूर, दोन्ही संध्याकाळी. बस सकाळी ८ ला.
१८, १९ जानेवारी: पुणे. २५, २६ जानेवारी: मुंबई, शनिवारी रात्री, रविवारी दुपारी ४.

बघून पोटात गोळा आला. मी आपली "शनिवार-रविवारचेच तर प्रयोग" म्हणत होते.

---

विंगेतला | ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३५

गोळा येऊ देऊ नका, या कागदात दिसतं त्याहून कमी रजा आहे. पण आई-बाबा शोधतात ती भलत्याच वारी.

पहिलं, तालमींना रजाच लागत नाही. १२.५० ला शाळा सुटते, तालीम साडेपाचला. तुमच्या पत्रात विषयातच "तालमी" आहे आणि खाली १८ नोव्हेंबर ही तारीख. मुख्याध्यापिका वाचणार की मुलगी चार आठवडे शाळेला येणार नाही. तो शब्द काढलात की अर्धा विरोध तिथेच संपतो. फक्त दिग्दर्शकाला सांगा, तिची कामं आधी घ्यायची आणि ८ ला सोडायचं. सकाळी सहाला उठणाऱ्या मुलीला नऊपर्यंत बसवून मोठ्यांचे प्रवेश बघायला लावण्यात काही अर्थ नसतो. न मागता कोणी सोडत नाही.

दुसरं, प्रयोगाच्या शनिवार-रविवारपेक्षा नंतरचा सोमवार खातो. नाशिकचा रविवार संध्याकाळचा प्रयोग साडेआठला संपला तरी नेपथ्य उतरवून, गाडीत भरून, जेवून बस निघायला साडेदहा. पुण्यात पोचायला पहाटेचे तीन-साडेतीन. ती मुलगी ७.२० ला वर्गात बसू शकत नाही, आणि बसली तर शिक्षकांसमोर झोपेल, ते रजेपेक्षा वाईट दिसतं. पालक अर्जात शनिवार लिहितात आणि सोमवारी फोन करतात की "आज येत नाही". तिसऱ्या सोमवारी शाळेचा विश्वास उडतो. सोमवार आधीच मागा.

तिसरं, १२ तारखेची तांत्रिक तालीम. नऊ ते नऊ हे मोठ्यांसाठी. तुमच्या मुलीला बारा तास थांबवता येत नाही, कायद्यानेच. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ ला नियम आले. १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. तेव्हा निर्मात्याला सांगा की तिच्या प्रवेशांचं लायटिंग दुपारी दोन ते साडेसहा या वेळात लावा. लागतंही तसं, प्रकाशयोजनाकार प्रवेशवारच काम करतो. म्हणजे १२ ला ती शाळा करून येईल. एक दिवस वाचला.

त्याच नियमाने २२ तारखेचे दोन प्रयोग एकट्या मुलीला करता येणार नाहीत. बाराच्या प्रयोगाला ११ ला मेकअप, आणि दुसरा प्रयोग सुटेपर्यंत सात वाजतात. हा सगळा वेळ ती नाट्यगृहातच. निर्मात्याला विचारा, दुसरी मुलगी तयार करताय का? नसतील करत तर मला काळजी वाटेल. बालकलाकार असलेल्या नाटकात दोन मुलं आलटूनपालटून ठेवणं ही जुनी पद्धत आहे, गोवर-कांजिण्यांमुळे पडलेली.

---

शर्वरी_के | ८ नोव्हेंबर, रात्री ११.४८

इंग्लंडमधून लिहितेय. माझा मुलगा गेल्या वर्षी इथे ख्रिसमसच्या पँटोमाइममध्ये होता. आमच्याकडे शाळेला नुसता अर्ज करून भागत नाही, आपण राहतो तिथल्या कौन्सिलकडून मुलाच्या नावाचं लायसन्स काढावं लागतं. फॉर्मवर निर्माता आणि पालक दोघांच्या सह्या, सोबत मुख्याध्यापकांचं पत्र. २१ दिवस आधी द्या म्हणतात. आता हजेरीतही त्याचा वेगळा कोड आहे, `C1`. मुक्ता, तुम्ही तुमचं लायसन्स काढलंत का? ते न काढता अर्ज दिलात तर शाळा नाहीच म्हणणार!

---

विंगेतला | ९ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

शर्वरी, इथे मुलाच्या नावाचं लायसन्स नाही आणि पालकाने काही काढायचं नसतं. परवानगी निर्मात्याने घ्यायची, जिल्हाधिकाऱ्यांकडून. सोबत हमीपत्र, मुलांची यादी, आईवडिलांची संमती आणि मुलांची जबाबदारी कोणावर त्या माणसाचं नाव. तुमच्याकडे मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या एका शॅपरोनकडे बारापर्यंत मुलं चालतात ना? इथे पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. मुलाच्या शिक्षणात खंड पडणार नाही याची सोय काय, हेही हमीपत्रात लिहून द्यावं लागतं. मुक्ताताई, ती ओळ तुमच्या कामाची. त्या हमीपत्राची प्रत मागा आणि अर्जाला जोडा. मुख्याध्यापिकांना दिसेल की मुलीच्या शाळेबद्दल निर्माताही कुठेतरी बांधील आहे, नुसती आई गयावया करत नाहीये.

---

अभि_ठाणे | ९ नोव्हेंबर, ९.२५

एक मिनिट. तो नियम सिनेमा-सीरियलसाठी आहे ना? ऑडिओ-व्हिज्युअल. नाटकाला कुठे लागतो? आमच्या ओळखीत दोन मुलं नाटकात कामं करतात, जिल्हाधिकाऱ्यांचं नावसुद्धा कोणी काढलेलं नाही.

---

विंगेतला | ९ नोव्हेंबर, १०.००

कोणी काढत नाही हे खरं, मीही निम्मी वर्षं काढलं नव्हतं. तेव्हा हे नियमही नव्हते म्हणा. पण नियमात दृकश्राव्य निर्मितीसोबत "व्यावसायिक कार्यक्रम" असंही आहे, आणि तिकीट लावून होणारा प्रयोग व्यावसायिक नाही असं मी तरी कोणाला सांगू शकणार नाही. शाळेचं स्नेहसंमेलन वेगळं.

गुंता पुढे आहे. परवानगी ज्या जिल्ह्यात कार्यक्रम त्या जिल्ह्याची. मग पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, मुंबई अशा पाच ठिकाणी पाच अर्ज? हमीपत्र सहा महिने चालतं, म्हणून काही निर्माते एकदाच एका जिल्ह्यात देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही, पण दौऱ्याच्या नाटकासाठी हे व्यवहारात कसं करायचं याचं धड उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

---

देशमुख_काका | ९ नोव्हेंबर, ११.३०

सगळे तारखा आणि नियम बोलताय. मुलीचं कोणी विचारलं? रात्री साडेतीनला बसमधून उतरणारी १२ वर्षांची पोर. माझा पुतण्या असाच 'गुणी बालकलाकार' होता. पंधराव्या वर्षी मिशा फुटल्या, भूमिका गेली, आणि गणित पाचवीच्या पुढे कधी सरकलंच नाही. आता कुरिअरचं काम करतो.

---

मुक्ता_कोथरूड | ९ नोव्हेंबर, १२.१५

काका, तिलाच विचारून चाललंय. बसची भीती मलाही आहे, म्हणून नाशिक-कोल्हापूरला मी सोबत जाणार. गणिताचं म्हणाल तर ते नाटकाच्या आधीपासूनच बेतास बात आहे, त्याचं खापर रंगभूमीवर नको. 🙂

विंगेतला, मानधनाचं पण सांगा ना. शाळेला सांगायचं का?

---

विंगेतला | ९ नोव्हेंबर, १२.४०

शाळेच्या अर्जात नाइटचा, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनाचा, उल्लेख करू नका, तो त्यांचा प्रश्न नाही. पण घरी लक्षात ठेवा: तिच्या मिळकतीतले किमान २० टक्के तिच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत, ती सज्ञान झाली की तिला मिळतात. पहिल्या नाइटलाच ठरवून घ्या. नंतर पाकिटं रोखीने येत राहतात आणि हिशोब राहत नाही.

---

मुक्ता_कोथरूड | ११ नोव्हेंबर, रात्री ९.३०

वर्गशिक्षिकांशी बोलले. विज्ञानाचा प्रकल्प डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अडचण नाही. १३ जानेवारीला, सोमवारी, इंग्रजीची तोंडी आहे! कोल्हापूरनंतरचाच दिवस. निर्माता १२ डिसेंबरच्या वेळेला तयार झाला. दुसरी मुलगीही तालमीला येणार आहे, २२ चा बाराचा प्रयोग ती करेल. हा नवा मसुदा:

> प्रति, मा. मुख्याध्यापिका
> (वर्गशिक्षिका, इयत्ता ७ वी यांच्यामार्फत)
> विषय: सहा दिवसांची रजा व दोन दिवस उशिरा येण्यास परवानगी मिळणेबाबत
>
> महोदया,
> माझी मुलगी एका व्यावसायिक नाटकात काम करणार आहे. तालमी संध्याकाळी असल्याने त्यासाठी रजेची गरज नाही. प्रयोगांसाठी पुढील दिवशी ती शाळेत येऊ शकणार नाही:
> शुक्रवार १३ व शनिवार १४ डिसेंबर (रंगीत तालीम व पहिला प्रयोग); शनिवार २८ व सोमवार ३० डिसेंबर (नाशिक); शनिवार ११ व सोमवार १३ जानेवारी (कोल्हापूर).
> सोमवार २३ डिसेंबर व सोमवार २७ जानेवारी रोजी आदल्या रात्री उशिरा परतल्यामुळे ती तिसऱ्या तासाला येईल. मी स्वतः सोडायला येईन.
> १३ जानेवारी रोजी इंग्रजीची तोंडी परीक्षा असल्याचे वर्गशिक्षिकांकडून समजले. ती त्याआधी, शुक्रवार १० जानेवारी रोजी घेता आल्यास तिची तयारी असेल.
> यादीत बदल झाल्यास किमान आठ दिवस आधी लेखी कळवीन. तसे कळवले नसल्यास ती शाळेत हजर असेल.
> सोबत: निर्मात्याचे प्रयोगांच्या तारखांचे पत्र व हमीपत्राची प्रत.

---

नलिनीताई | ११ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आता हे पत्र. सहापैकी तीन शनिवार, म्हणजे तीन तासांची शाळा, हे मुख्याध्यापिका स्वतःच मोजतील, तू लिहू नकोस. "तसे कळवले नसल्यास ती हजर असेल" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे.

एक खटकतं. १४ डिसेंबर. प्रयोग साडेपाचला, शाळा साडेदहाला सुटते. का नको शाळा?

---

मुक्ता_कोथरूड | ११ नोव्हेंबर, १०.१५

ताई, खरं सांगू? गरज नाहीये. पण पहिला प्रयोग आहे. सकाळी नाट्यगृहात नटराजाची पूजा, नारळ. तो दिवस मी शाळेत घालवू देणार नाही.

---

नलिनीताई | ११ नोव्हेंबर, १०.२१

मग राहू दे. पण नकार आला तर त्याच तारखेवर ये आणि सोडून दे. मागण्यात एखादी सोडायची गोष्ट असलेली बरी.

---

गप्पिष्ट | ११ नोव्हेंबर, १०.३०

म्हणजे सौदा! आणि माझ्या कावीळीला नावं ठेवता.

---

मुक्ता_कोथरूड | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ४.४५

काल अर्ज दिला, आज बोलावलं. मुख्याध्यापिकांनी तारखांवरून पेन फिरवत वाचलं, स्नेहसंमेलनाच्या सरावाच्या तारखा स्वतःच्या डायरीत बघितल्या. म्हणाल्या, "१३ आणि १४ ला नाहीतरी निम्मा वर्ग नाचाच्या सरावाला मैदानात असतो. ते घ्या." २८ आणि ३० मंजूर. २३ आणि २७ ला तिसरा तास मंजूर, पण गेटवर मी सही करायची. ११ जानेवारी मंजूर.

१३ जानेवारीवर काट मारली. तोंडी एका मुलीसाठी आधी घेतली तर उरलेल्या ४७ पालकांना काय सांगू, असं म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं तर त्यांचं बरोबर आहे.

हमीपत्र अजून आलेलं नाही. निर्माता म्हणतो देतो. त्याशिवाय मंजुरी पक्की नाही, असं बाईंनी अर्जावर लाल पेनाने लिहिलंय.

---

विंगेतला | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

हमीपत्र मुलीच्या तालमीआड आणा. म्हणजे सांगा, कागद हातात आल्यावर ती ११ डिसेंबरनंतर नाट्यगृहात येईल. दोन दिवसांत येईल.

कोल्हापूरचं: रविवारचा प्रयोग दुसऱ्या मुलीला द्या. शनिवारचा तुमची करेल, आणि रविवारी सकाळी तुम्ही दोघी बसची वाट न बघता एसटीने परत. दुपारी तीनपर्यंत पुण्यात. तोंडी शांतपणे होईल.

---

मुक्ता_कोथरूड | १९ नोव्हेंबर, ६.२०

ते मलाही सुचलं होतं. रविवारच्या कोल्हापूरच्या प्रयोगाला तिची आजी, मामा, मामी, गल्लीतले पंधरा जण तिकिटं काढून बसलेत. शनिवारची तिकिटं बदलून मिळतात का ते मामा बघतोय.

---

शर्वरी_के | १९ नोव्हेंबर, ६.५५

आणि सासरचे कुठल्या प्रयोगाला? ते आधीच ठरवा, माझ्याकडे त्यावरून लायसन्सपेक्षा जास्त वेळ गेला होता.

---

अभि_ठाणे | १९ नोव्हेंबर, ७.१०

ठाण्याचा २२ चा कोणता प्रयोग तुमची लेक करतेय, बारा की साडेचार? आम्ही चौघे येतोय.

---

मुक्ता_कोथरूड | १९ नोव्हेंबर, ७.१५

साडेचार. पण पेपरात फोटो कुठल्या मुलीचा येईल ते सांगता येत नाही, त्यावरून ओळखू नका.